चोवीस बांगडे कसे वाटायचे

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गणपतीच्या गडबडीत आलं, म्हणून उत्तराला उशीर झाला. माठाची हकीकत मी दोनदा वाचली. चौथीतला एक पोर कोणी न सांगता विहिरीवरून पाणी आणून माठ भरत होता, पाय घसरला आणि माठ फुटला. त्याच आठवड्यात दुसऱ्याने मधल्या सुट्टीत कपाटातली रंगीत खडूची पेटी चोरून काढताना तुझा चहाचा कप फोडला. जास्त चूक कोणाची, असं तू वर्गाला विचारलंस. पहिलीतली चिमुरडी म्हणाली, "माठवाल्याची. माठ मोठो हुतो." मोठी मुलं हसली. आता तू मला विचारतेस, या मुलीला समजावून कसं सांगू?

आधी एक गंमत सांगतो. जवळजवळ हाच प्रश्न स्वित्झर्लंडमधल्या मुलांना विचारून झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचं मुलांच्या नैतिक निवाड्यावरचं पुस्तक 1932 साली आलं, त्यात कपांची गोष्ट आहे. एका मुलाला जेवायला हाक येते, तो दार ढकलतो. दारामागे खुर्चीवर ट्रे असतो, हे त्याला ठाऊक नसतं. पंधरा कप फुटतात. दुसरा आई बाहेर गेल्यावर कपाटातला मुरंबा चोरायला चढतो आणि एक कप फोडतो. लहान मुलं म्हणायची, पंधरावाला जास्त वाईट. थोडी मोठी म्हणायची, त्याला कुठे माहीत होतं? हा पालट साधारण सात ते नऊ या वयात दिसला, पण एकच मूल एका गोष्टीत कप मोजायचं आणि दुसऱ्या गोष्टीत हेतू पाहायचं, हेही पियाजेंनी नोंदवून ठेवलंय. तेव्हा तुझी चिमुरडी मंद नाही आणि निर्दयही नाही. तिच्या हिशोबात नुकसान डोळ्यांना दिसतं, हेतू दिसत नाही. आणि मोठं नुकसान म्हणजे घरी मोठा मार, हे तिने अनुभवलेलंही असेल.

पण या प्रश्नात एक खोट आहे, ती तुझ्याही प्रश्नात आली. चांगल्या हेतूला मोठं नुकसान जोडलं आणि वाईट हेतूला छोटं. लहान मुलाला दोन गोष्टी एकदम तोलाव्या लागतात आणि मोठी वस्तू जिंकते. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी नुकसान सारखं ठेवून आणि हेतू स्पष्ट सांगून विचारलं, तेव्हा तीन-चार वर्षांची मुलंही मुद्दाम केलेलं आणि चुकून झालेलं वेगळं ओळखू लागली. तूही तसं करून बघ. दोघांनी एकेक कपच फोडला, एकाने मदत करताना, एकाने चोरताना. ती कोणाकडे बोट दाखवते?

आता माझ्या रापणीची गोष्ट. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी मिळून दोराने मोठं जाळं ओढायचं. तुला हे सांगायला नको, पण आतल्या गावातून आलेल्या तुझ्या सहकारी बाईंना ही वाटणी विचित्र वाटेल. जाळं ज्यांचं त्यांचा वाटा असतो, दोर ओढणाऱ्यांचा असतो, आणि शेवटी येऊन हात लावणाऱ्या पोराच्या हातातही दोन-चार मासे पडतातच. माझ्या वर्गातली निम्मी मुलं सकाळी दोर ओढून शाळेत यायची, हाताला जाळ्याचा वास घेऊन. म्हणून मी मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर प्रश्न लिहिला. चार मुलांना मिळून चोवीस बांगडे मिळाले. पहिल्याने सुरुवातीपासून दोर ओढला. दुसरा उशिरा आला, शेवटी ओढला. तिसरा लहान, दोर झेपत नव्हता, त्याने सगळ्यांना पाणी आणून दिलं. चौथ्याने दुसऱ्याइतकंच ओढलं, पण त्याच्या घरातून आता दर्यावर जाणारं कोणी नाही. वाटणी कशी करायची?

एकाचा अंगणवाडीतला भाऊ दारात उभा होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "माका सगळे. माका बांगडे आवडतत." वर्गात हशा. पहिली-दुसरीतली मुलं ठाम होती, प्रत्येकी सहा. का? "सारखे दिले नाय तर झगडे होतले." तिसरीतला एकजण तडकला. पहिला उन्हात उभा होता, त्याला दहा द्या, उशिरा आला त्याला चार. पाणी देणाऱ्याला चारच, आणि चौथ्याला सहा. मी विचारलं, दुसऱ्याने आणि चौथ्याने तर सारखंच ओढलं. तो गप्प झाला आणि मग म्हणाला, "पण तेच्या घराकडे कोण नाय." नियम त्याने स्वतःच वाकवला होता आणि का वाकवला, हे त्याला विचारल्यावर कळलं. चौथीतल्या मुलीने फळ्यावर येऊन आकडे मांडले: आधी सगळ्यांना पाच-पाच, म्हणजे वीस. उरले चार. दोन पहिल्याला, कष्टाचे. दोन चौथ्याच्या आईला.

आधी मला हवं ते, मग सगळ्यांना मोजून सारखं, मग मेहनतीप्रमाणे, मग गरज आणि मेहनत दोन्ही तोलून. मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन यांनी 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या मुलांना वाटणीचे प्रश्न विचारले तेव्हा साधारण हाच क्रम दिसला होता. आमच्या फळ्यावर तो एका तासात दिसला, कारण वर्गात सगळ्या वयांची मुलं एकत्र बसत होती. दोन शिक्षकी शाळेला लोक नावं ठेवतात, पण हा फायदा कोणी मोजत नाही.

मला खरं शिकवलं ते मात्र दुसऱ्याच एका मुलाने. शेजारच्या हायस्कुलात आठवीत शिकणारा माझा जुना विद्यार्थी त्या दिवशी वह्या न्यायला आला होता. तो म्हणाला, प्रत्येकी सहा. पहिलीतलं उत्तर! मी मनात म्हटलं, हा पुढे जायचा सोडून मागे गेला. तरी विचारलं, का रे? त्याचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय. "दोर हातात घेतलो तेव्हाच सगळ्यांनी सारखा ठरवला असला तर आता बदलूचा नाय. कोण दमतलो, कोणाक उशीर होतलो, ह्या तेव्हा कोणाक ठावक नसता. उद्या मीच उशिरा येतलंय."

उत्तर तेच, सहा-सहा. पहिलीतल्या मुलाला भांडणाची आणि मागून बसणाऱ्या धपाट्याची धास्ती होती. या मुलाने मात्र आपण कोणत्या जागी असू हे माहीत नसताना कोणता नियम मान्य करू, असा विचार केला होता. वहीत फक्त उत्तर लिहिलं असतं तर दोघांना मी एकाच रांगेत बसवलं असतं.

नैतिक विचाराच्या सहा पायऱ्या मांडणारे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांचा सगळा डोलारा याच गोष्टीवर, उत्तरापेक्षा कारण बघण्यावर, उभा आहे. 1958 च्या प्रबंधात त्यांनी शिकागोच्या 10, 13 आणि 16 वर्षांच्या मुलांना औषधाची गोष्ट सांगितली: बायको मरणाला टेकली आहे, औषधवाला अवाच्या सवा पैसे मागतो, नवऱ्याने चोरी करावी का? "करावी" आणि "करू नये" ही दोन्ही उत्तरं प्रत्येक पायरीवर मिळतात. तुरुंगात जाईल म्हणून करू नये, आणि बायको मेली तर लोक त्यालाच धरतील म्हणून करावी, ही दोन्ही शिक्षेच्या भीतीचीच उत्तरं. पुढे लोक काय म्हणतील, मग कायदा मोडला तर सगळेच मोडतील, आणि फार थोड्यांत, फार उशिरा, जीव मोठा की मालकी मोठी हा तोल. त्यांची सर्वात वरची, सहावी पायरी तर मुलाखतींत इतकी क्वचित सापडली की पुढे गुण देण्याच्या पद्धतीतून ती काढून टाकावी लागली. म्हणून मुलांच्या कपाळावर पायरीचे आकडे चिकटवू नकोस. मुलगे तेवढेच घेतले, हा मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी 1982 मध्ये घेतलेला आक्षेपही लक्षात ठेव. मुलींच्या उत्तरांत बऱ्याचदा नातं आणि काळजी असते, ती त्यात सुटते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या चौथीतल्या मुलीने "चौथ्याला" म्हटलं नव्हतं, "चौथ्याच्या आईला" म्हटलं होतं.

तुला सर्वात जास्त फसवतील ती पाठ केलेली उत्तरं. "खोटं बोलू नये, पाप लागतं," हे सगळ्यांना येतं. ओळखायची युक्ती म्हणजे उलट सुचवून बघणं. "पण दुसऱ्या शाळेतला एकजण तर म्हणाला, कोणी बघत नसेल तर चालतं," असं सहज म्हण. उत्तर पाठ केलेलं असेल तर मूल तुझ्या चेहऱ्याकडे बघतं आणि लगेच पलटतं. स्वतःचं असेल तर वाद घालतं, कधी चिडतंही. मूल चिडलं की मला बरं वाटायचं.

पापावरून आठवलं. पियाजेंच्या एका गोष्टीत सफरचंदं चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून पाण्यात पडतो. मी तिथे साकव घातला आणि सफरचंदाच्या जागी काजू. चोरी केली नसती तरी पडला असता का? लहान मुलांपैकी बहुतेकजण म्हणतात, नसता पडला, साकवालाच कळलं. स्वित्झर्लंडमध्ये अकरा-बारा वर्षांपर्यंत हे मत बरंच ओसरलं होतं. आपल्याकडे जागेवर पहारा देणाऱ्या देवचाराच्या आणि राखणदाराच्या गोष्टी मोठी माणसंच सांगतात, तेव्हा ते ओसरायला वेळ लागला तर त्याचा दोष मुलाच्या वाढीला देऊ नकोस.

आता माठाचं काय करायचं? छडी तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केली, आणि माठवाल्याला ती द्यायचं कारणही नव्हतं. पियाजे शिक्षेचे दोन प्रकार करतात. एका प्रकारात चुकीचा आणि शिक्षेचा संबंध नसतो, मोठ्या माणसाचा राग तेवढा भागतो. दुसऱ्यात मोडलेलं जुळवायचं असतं. खडूवाल्याला उठाबशा काढायला लावल्यास तर पुढच्या वेळी तो आवाज न करता कपाट उघडायला शिकेल. त्यापेक्षा पेटी परत घे, कपाचं काय करायचं हे त्यालाच विचार, आणि रंगीत खडू सगळ्यांना कधी वापरायला मिळावेत याचा नियम वर्गाकडून बनवून घे. तू बाकावर बस, मध्ये बोलू नकोस. मुलं आधी भयंकर कडक नियम करतील, मग पहिल्याच आठवड्यात स्वतः त्यात अडकतील आणि बदलायला येतील. तो बदल कोण सुचवतं आणि काय कारण देतं, तेवढं टिपून ठेव.

एका गोष्टीची घाई करू नकोस. आपल्याला कमी मिळालं की मुलं फार लवकर "अन्याय" म्हणतात. आपल्याला जास्त मिळालं तर मात्र गप्प बसतात. 2015 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात भारतासह सात देशांत मुलांसमोर गोळ्यांची वाटणी ठेवून पाहिलं होतं. स्वतःला कमी मिळत असेल तर नको म्हणणारी मुलं सगळीकडे होती. जास्त मिळत असताना नको म्हणणारी मोठी मुलं तीनच देशांत दिसली आणि त्यांत आपला देश नव्हता. मला त्यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे पाहुण्याने जास्त वाढलेलं ताटातलं परत केलं तर घरधनीण रागावते, मग मुलाने काय शिकायचं?

पुढच्या पत्रात त्या चिमुरडीला एक-एक कपाचा प्रश्न विचारल्यावर ती काय म्हणाली ते कळव. तिचं उत्तर सुधारून लिहू नकोस, जसं म्हणाली तसंच, मालवणीत लिही. आणि नवा माठ घेशील तो तोटीचा घे, म्हणजे पोरांना भांडं बुडवावं लागणार नाही.

तुझे,
गुरुजी