क्लाउड एक्सपोर्टची लिंक मेली म्हणजे व्हिडिओ गेला का?

प्रश्न: व्हिडिओ एडिटिंग अॅपमधून क्लाउडवर एक्सपोर्ट टाकला की कधी failed दाखवतं कधी expired, लिंक नक्की किती दिवस चालते?

आधी एक लक्षात घ्या, failed म्हणजे फाइल बनलीच नाही आणि expired म्हणजे फाइल बनली होती पण तिच्या लिंकची मुदत संपली, त्यामुळे expired दिसल्यावर लगेच परत एक्सपोर्टला लावायची घाई करू नका.

मी सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गेल्या फेब्रुवारीत संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला मिरजेच्या पार्टीला लिंक व्हॉट्सअॅप केली, त्यांनी दुसऱ्या दिवशी रात्री आठला उघडली तर स्क्रीनवर नुसतं AccessDenied आणि Request has expired. नवरीचे वडील घाबरले, व्हिडिओ उडाला म्हणाले. मी ती लांबलचक लिंक नीट बघितली तर त्यात हे होतं:

```
X-Amz-Date=20250212T131000Z
X-Amz-Expires=86400
```

बऱ्याच अॅपच्या फाइल्स अॅमेझॉनच्या स्टोरेजवर असतात, त्यांच्या लिंकमध्ये हे सापडतं. पहिली ओळ लिंक बनल्याची वेळ, पण ती आपली नाही, त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे १३:१० चे संध्याकाळचे ६:४० झाले. दुसरा आकडा सेकंदांचा, ८६४०० म्हणजे बरोबर २४ तास. म्हणजे लिंक दुसऱ्या दिवशी ६:४० लाच संपली होती. अशा लिंकला जास्तीत जास्त ७ दिवस देता येतात, काही अॅप तासाभराचीच देतात. आकडा हाताने वाढवून उपयोग नाही, लिंकमध्येच असलेली सर्व्हरची डिजिटल सही मग जुळत नाही म्हणून लिंक चालतच नाही.

अजून एक, मुदत डाउनलोड सुरू होताना तपासली जाते. वेळेत सुरू झालेलं डाउनलोड पुढे चालू राहतं, पण मधे नेट तुटलं आणि मुदत उलटल्यावर परत सुरू केलं की अडकलंच.

मी काय केलं, अॅपमधल्या जुन्या एक्सपोर्टच्या यादीत जाऊन परत डाउनलोड दाबलं, नवीन लिंक आली, रेंडर करायला लागला नाही. तिथे NoSuchKey आलं असतं तर मात्र फाइलच सर्व्हरवरून काढलेली असते, मग प्रोजेक्टमधून पुन्हा एक्सपोर्ट करावाच लागतो.

failed चं बघा, माझ्याकडे तरी बहुतेक वेळा मूळ क्लिप पूर्ण अपलोड न झाल्यानेच येतं. १२ मिनिटांची ४के क्लिप ५० एमबीपीएसची असेल तर साधारण ४.५ जीबी होते, आणि अपलोड स्पीड ५ एमबीपीएस असेल तर तिला २ तास लागतात, तेवढ्यात मोबाइलची स्क्रीन बंद झाली, अॅप मागे गेलं की अपलोड थांबू शकतं आणि सर्व्हरला क्लिपच मिळत नाही. म्हणून प्रत्येक क्लिपचं अपलोड पूर्ण झालंय का बघा, मगच एक्सपोर्ट दाबा. आणि फाइल आली की त्याच दिवशी हार्डडिस्कवर उतरवून ठेवा, पार्टीला ड्राइव्हवरून द्या, मी आता तसंच करतो.