नंबर हॅश केला म्हणजे माणूस लपला असं नाही

प्रश्न: एका कंपनीसाठी तिच्या ग्राहकांचं सर्वेक्षण करतोय. नाव विचारत नाही, मोबाइल नंबर हॅश करून ठेवणार आहोत. एवढं पुरे आहे का? काम सुरू करण्याआधी आणखी काय ठरवावं?

नाही, पुरे नाही. तुम्ही हॅशचं नाव काढलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण याच मुद्द्यावर आमच्या एका ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांशी माझं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

हॅश म्हणजे सूत्राने नंबरावरून काढलेली अक्षरांची ओळ; ती उलटी फिरवून नंबर मिळत नाही, हे खरं. पण ती उलटी फिरवायची गरज कुणाला पडते? दहा अंकी नंबर असून असून असणार किती, तर एक हजार कोटी. सगळ्यांचे हॅश काढायचे आणि फाइलशी जुळवायचे. साध्या कॉम्प्युटरवर हे काही तासांचं काम आहे, चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर मिनिटही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सीच्या 2013 सालच्या फेऱ्यांचा डेटा माहितीच्या अर्जावर दिला गेला, तेव्हा टॅक्सीचे आणि चालकांच्या परवान्यांचे नंबर एमडी5 हॅश करून दिले होते. त्या नंबरांची धाटणी ठरलेली, त्यामुळे शक्यता मर्यादित. 2014 मध्ये एका इंजिनिअरने काही तासांत मूळ नंबर काढून दाखवले.

आमच्या प्रकरणात एवढ्या मेहनतीचीही गरज नव्हती. मी एका संशोधन संस्थेत डेटाचं काम बघायचो. क्लायंट म्हणजे बऱ्याच शाखा असलेली सेवा कंपनी. ग्राहकांची यादी त्यांनीच दिली, तिच्यातून आम्ही नमुना काढला, साधारण 1,200 जणांनी उत्तरं दिली. अहवालाबरोबर त्यांना रॉ फाइल, म्हणजे एकेका माणसाच्या उत्तरांची मूळ फाइल, हवी होती. फाइलमध्ये हॅश केलेला नंबर राहू देऊ नका, असं मी मेलवर कळवलं. त्या ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञांचं, म्हणजे सरांचं, उत्तर आलं, "एसएचए-256 पद्धतीचा हॅश आहे, कुणाला फुटणार नाही." फोडायचं कशाला? यादी ज्याच्याकडे आहे त्याला दोन ओळी पुरतात:

```python
yadi["h"] = yadi["mobile"].map(lambda n: sha256(n.encode()).hexdigest())
milale = yadi.merge(sarvekshan, on="h")
```

फाइल गेली. पुढे एका बाईंचा आमच्या चौकशीच्या नंबरवर फोन आला. शाखेच्या व्यवस्थापकाने त्यांना फोन करून विचारलं होतं, "दहापैकी दोनच गुण का दिलेत? आणि आमच्या माणसाबद्दल तसं का लिहिलंत?" त्या चिडल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांचं एक काम त्याच शाखेत अडकलेलं होतं.

सरांचं म्हणणं, हा क्लायंटने केलेला विश्वासघात. मी करारपत्र उघडून दाखवलं. उत्तरदात्याला ओळखायचा प्रयत्न करू नये, असं त्यात एक वाक्यही नव्हतं. मग तोडगा निघाला की हॅशमध्ये सॉल्ट घालायचं, म्हणजे हॅश काढण्याआधी नंबराला एक गुप्त मजकूर जोडायचा. ते गुप्त राहिलं तर उपयोगी आहेच, पण क्लायंटला ती फाइल स्वतःच्या ग्राहक-गटांशी जोडायची होती, म्हणून त्यांनी सॉल्टही मागितलं! शेवटी हॅशचा रकानाच काढला आणि सर म्हणाले, आता तरी डेटा निनावी झाला ना?

झाला नव्हता. वयाचे 7 गट, लिंगाचे 3 पर्याय, 40 पिनकोड, म्हणजे 840 खण. 1,200 माणसं त्यांत वाटली तर एका खणात सरासरी दीड माणूसही येत नाही. मी `df.groupby(["vay","ling","pin"]).size()` चालवून बघितलं, तर एकट्या माणसाचे खण ढीगभर. ज्याच्याकडे ग्राहकांची वयं आणि पत्ते आहेत, त्याने यादी फिल्टर केली की नाव समोर. हे काही माझं डोकं नाही. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी 1990च्या दशकातच जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्यावरून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांची वैद्यकीय नोंद 'निनावी' डेटातून शोधून काढली होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाकडे येतो. आधी हे ठरवा की माहिती नेमकी कुणापासून जपायची आहे. सगळे हॅकरला घाबरतात. ग्राहक-सर्वेक्षणात पहिला धोका पैसे देणाऱ्या क्लायंटकडूनच असतो, कारण यादी त्याच्याकडे असते आणि उत्तरं कुणाची आहेत यात रसही त्यालाच असतो. म्हणून फॉर्मवरचं संमतीचं वाक्य सगळ्यात आधी लिहा: "तुमची उत्तरं तुमच्या ओळखीसह कंपनीला दिली जाणार नाहीत." तेच वाक्य क्लायंटकडून करारात घ्या, आणि ते काम सुरू होण्याआधी घ्या. रॉ फाइल देण्याचं एकदा कबूल केलंत की नंतर माघार घेता येत नाही.

नंबर हवाच असतो, बॅक-चेकसाठी. पर्यवेक्षक काही जणांना पुन्हा फोन करतो, मुलाखत खरंच झाली का ते बघतो. त्यासाठी प्रत्येकाला यादृच्छिक कोड द्या. नंबरावरून काढलेला नको, निव्वळ चिठ्ठी काढल्यासारखा. उत्तरांच्या फाइलमध्ये फक्त हा कोड राहील. कोड आणि नंबर यांची जोडयादी वेगळ्या ठिकाणी, विश्लेषण न करणाऱ्या माणसाकडे असेल. ती नष्ट करायची तारीख आजच लिहून ठेवा, बॅक-चेक संपला की लगेचची. नष्ट करताना मूळ फाइल पुसून भागत नाही. मुलाखतकारांच्या फोनमधल्या याद्या, मेलच्या अटॅचमेंट, कुणीतरी डाउनलोड फोल्डरमध्ये टाकलेली एक्सेल, बॅकअप, सगळीकडे बघावं लागतं. हे त्रासाचं आहे, म्हणून प्रती किती आणि कुठे हे सुरुवातीपासून एका कागदावर ठेवा.

खणांचा हिशोबही प्रश्नावली छापण्याआधी करा. जन्मतारीख विचारूच नका, वयोगट विचारा. आमच्या फाइलमध्ये वयाचे 4 गट आणि पिनकोडऐवजी 6 विभाग केले, तेव्हा 72 खण झाले, सरासरी सोळा-सतरा माणसं. तरीही लिंगाच्या तिसऱ्या पर्यायाचे खण रिकामे किंवा एकेका माणसाचे, ते शेजारच्यात मिसळावे लागले. पाचाहून कमी माणसांचा खण बाहेर जाऊ देऊ नये, हा माझा आकडा. नाजूक विषय असेल तर दहा घ्या. "आणखी काही सांगायचंय?" या रकान्यातला मजकूर मात्र कुठल्याही सूत्राने साफ होत नाही. तो माणसाने वाचूनच तारखा, नावं आणि प्रसंगाच्या खुणा काढाव्या लागतात. त्या बाईंनी लिहिलेला प्रसंग शाखेत सगळ्यांना माहीत होता, हॅश नसता तरी त्या ओळखल्या गेल्याच असत्या.

सरांचं यावर अजून एकच म्हणणं आहे, की गट मोठे केले की विश्लेषणाचा जीव जातो. जातो, पण फक्त बाहेर जाणाऱ्या फाइलचा. बारीक तपशिलाची फाइल तुमच्याकडेच ठेवा, क्लायंटला हवे ते क्रॉसटॅब, म्हणजे गटवार आकड्यांचे तक्ते, तुम्ही चालवून द्या, आणि त्या वेळेचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात लावा. आमच्या अंदाजपत्रकात ती ओळ नव्हती. रॉ फाइल देऊन टाकणं स्वस्त पडलं, बाकी सगळी तत्त्वं नंतर सुचली.

एक राहिलं. त्याच माणसांना दर वर्षी विचारणार असाल तर जोडयादी नष्ट करता येणार नाही. तेव्हा ती एन्क्रिप्ट करून ठेवा, उघडणारी माणसं दोनच असू द्या आणि उघडल्याची नोंद ठेवा. अशा वेळी डेटाला निनावी म्हणू नका, फॉर्मवरही नको. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसारही जोडयादी ज्याच्याकडे शिल्लक आहे, त्याच्यासाठी कोड घातलेला डेटा वैयक्तिकच धरला जातो. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा, तो माझा प्रांत नाही.