काका म्हणा, पण वाक्य पूर्ण करा

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी टीम लीडर झाले. हाताखालच्या सात जणांपैकी पाच माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे आहेत. तोंडावर "हो, हो" म्हणतात आणि करतात आपल्याच पद्धतीनं. जरा कडक बोलले की उद्धट ठरते, मऊ बोलले की कुणी मनावर घेत नाही. रोज सकाळी पोटात गोळा येतो. मी वागू तरी कसं?

उत्तर : माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तो २९ वर्षांचा होता आणि एका कारखान्यात मेंटेनन्स विभागाचा प्रमुख म्हणून नुकताच आला होता. हाताखाली नऊ तंत्रज्ञ. त्यातले सर्वांत जुने ५२ वर्षांचे, २६ वर्षं त्याच विभागात काढलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे, हाही म्हणायचा. पहिल्या भेटीत त्याचं एकच म्हणणं होतं, "काका मला मोजतच नाहीत. मुद्दाम अपमान करतात."

मी त्याला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. खटका उडाला की त्याच दिवशी तीन गोष्टी लिहायच्या. मी नेमके कोणते शब्द वापरले, समोरच्यानं नेमकं काय म्हटलं आणि पुढे काय घडलं. "त्यांनी तोंड वाकडं केलं" यासारखे निष्कर्ष लिहायचे नाहीत, फक्त शब्द आणि घटना. हे करायला लावते, कारण दुखावलेल्या मनाला दहा वेगवेगळे प्रसंग एकाच रंगाचे दिसतात. त्यावर उपाय मात्र वेगवेगळे असतात.

वहीत अकरा नोंदी निघाल्या. आम्ही त्या एकेक करून वाचल्या. खरा अपमान एकच होता. सगळ्यांसमोर काका म्हणाले होते, "साहेब, तुमचं वय आहे तेवढी माझी नोकरी झाली." तीन ठिकाणी कामाबद्दल मतभेद होता आणि त्यात वयाचा काही संबंध नव्हता. उरलेल्या सात नोंदींमध्ये त्यानं काम सांगितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण सांगितलं. शब्द होते, "काका, वेळ मिळाला तर तीन नंबरच्या पंपाकडे एकदा बघाल का?"

हे वाक्य मी त्याला मोठ्यानं वाचायला लावलं. यात मुदत नाही, काय करायचं ते नाही, आणि "वेळ मिळाला तर" म्हणून नाही म्हणायची वाट त्यानंच मोकळी ठेवली आहे. काकांना वेळ मिळाला नाही. त्यांनी आज्ञा मोडली नव्हती, विनंती नाकारली होती. आपल्याकडे मोठ्या माणसाला थेट काम सांगायची सवय घरातून लागत नाही. घरात आपण "तेवढं जमलं तर बघा" असंच म्हणतो आणि ते बरोबरही असतं. मग कामावर आपण मान राखायच्या नादात वाक्य अर्धवट सोडतो, काम झालं नाही की आतल्या आत चिडतो, आणि एक दिवस सगळ्यांना प्रत टाकून कडक मेल लिहितो. त्यानंही तो लिहिला होता. ऐकणाऱ्याला आधीचा मऊपणा आठवतो आणि हा कडकपणा अचानक अंगावर आल्यासारखा वाटतो. उद्धटपणाचा शिक्का बहुतेक वेळा इथे बसतो.

मी त्याला सांगितलं, काका म्हणणं सोडू नकोस, "तुम्ही" सोडू नकोस, फक्त वाक्य पूर्ण कर. आम्ही ते वाक्य तिथेच बसून तयार केलं. "काका, तीन नंबरच्या पंपाचं बेअरिंग बुधवारी दुपारी दोनपर्यंत बदलून हवं. यात अडचण काय येईल, ते मला आत्ता सांगा." पहिल्या भागात काम आणि वेळ ठरते. दुसऱ्या भागात त्यांच्या अनुभवाला जागा मिळते, पण काम सुरू होण्याआधी. काम बिघडल्यावर "मला वाटलंच होतं" म्हणायला ती जागा उरत नाही. "कराल का?" आणि "अडचण काय येईल?" हे दोन प्रश्न शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात निर्णय त्यांच्याकडे जातो. दुसऱ्यात निर्णय तुमच्याकडे राहतो आणि ज्ञान त्यांच्याकडून येतं.

काकांनी त्या बुधवारच्या वाक्यावर लगेच अडचण सांगितली. म्हणाले, बेअरिंग चांगलं आहे, हात लावू नका. तरुणाकडे वेळापत्रक होतं, ठरावीक तास भरले की बेअरिंग बदलायचं. काकांचं म्हणणं, चांगलं चाललेलं यंत्र उघडलं की जोडताना नवा दोष शिरतो. दोघांचंही खरं होतं. ठरलेल्या तासांनी भाग बदलल्यानं काही बिघाड टळतात आणि विनाकारण उघडल्यानं काही बिघाड जन्मालाही येतात. पूर्वी असता तर तो एक तर गप्प बसला असता किंवा वेळापत्रक पुढे केलं असतं. या वेळी त्यानं विचारलं, "ते खराब व्हायला लागलं, हे तुम्हाला कशावरून कळेल?" काका म्हणाले, आवाजावरून आणि हाताला लागणाऱ्या कंपनावरून. मग त्यानं कंपन मोजायचं सुचवलं. त्या दिवशी आकडा आला २.१ मिलिमीटर प्रति सेकंद. दर सोमवारी काकांनी मोजायचं आणि ४.५ झालं की कुणाचंही मत काही असो, बदलायचं, असं दोघांनी आधीच ठरवून लॉगबुकात लिहिलं. सातव्या आठवड्यात आकडा ३.६ वर गेला. काका स्वतः येऊन म्हणाले, "आता थांबू नका, आवाज बदललाय." मर्यादा ओलांडली नव्हती, तरी त्यानं ऐकलं आणि बेअरिंग बदललं.

मतभेदाच्या तिन्ही नोंदी अशाच सुटल्या, असं मी म्हणणार नाही. पण कुणाचं बरोबर हे वादात ठरवण्याऐवजी कोणती गोष्ट दिसली की काय करायचं हे आधी ठरवलं, तर वयाचा मुद्दा निघायला कारणच उरत नाही. तुमच्या कामात पंप नसेल. तरी "चुकतंय हे कशावरून कळेल?" हा प्रश्न हिशेबात, विक्रीत, शिकवण्यात कुठेही विचारता येतो.

आता त्या एका अपमानाकडे येते. "तुमचं वय आहे तेवढी माझी नोकरी" हे वाक्य मला फार खुपलं. मी विचारलं, तू यायच्या आधी विभाग कोण सांभाळत होतं? त्याला ठाऊक नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की आधीचे प्रमुख गेल्यावर पाच महिने काकांनीच विभाग चालवला होता, पदाशिवाय आणि वाढीव पगाराशिवाय. त्यांनी त्या जागेसाठी अर्जही केला होता. निवड का झाली नाही, हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. एके सकाळी सूचनाफलकावर त्यांनी या मुलाचं नाव वाचलं.

हे ऐकून तो म्हणाला, "मीच काकांशी बोलतो." मी त्याला थांबवलं. ज्याच्यामुळे जागा गेली असं वाटतं, त्याच्याच तोंडून सांत्वन ऐकणं माणसाला सहन होत नाही. ते स्पष्टीकरण ज्यांनी निवड केली त्यांच्याकडूनच यायला हवं. त्याचे वरिष्ठ आधी टाळत राहिले, "तूच सांभाळून घे" म्हणाले. त्यानं दुसऱ्यांदा नेमकी मागणी केली. पंधरा मिनिटं, बंद खोलीत, दोनच गोष्टी. निवड कशावर झाली ते खरं सांगायचं आणि पाच महिन्यांच्या कामाची लेखी नोंद काकांच्या फाइलमध्ये घालायची. ती भेट झाली. काका खूश झाले नाहीत, पण टोमणे थांबले.

वरिष्ठांशी आणखी एक करार करावा लागला. मंडळी रजा आणि बदलत्या पाळीसाठी याला ओलांडून थेट त्यांच्याकडे जायची आणि ते जुन्या ओळखीनं "हो, जा" म्हणायचे. असं एकदा जरी झालं तरी खालच्या माणसाचा महिनाभराचा प्रयत्न पाण्यात जातो. ठरलं ते इतकंच, की कुणी आलं तर वरिष्ठांनी विचारायचं, "त्यांना विचारलंत का?" आणि परत पाठवायचं. तुमच्याकडेही असं होत असेल तर आधी वरच्या माणसाशी बोला. हे गळकं भांडं खालून कितीही भरलं तरी भरत नाही.

एका बाबतीत मात्र मी त्याला अजिबात विचारविनिमय करू नको म्हटलं. यंत्रावर हात घालण्याआधी वीज तोडायची, खटक्यावर आपलं कुलूप आणि नावाची पट्टी लावायची, मग यंत्र सुरू होत नाही हे तपासायचं, असा लॉकआउट-टॅगआउटचा नियम आहे. काका "दोन मिनिटांचं काम" म्हणून कुलूप न लावता हात घालायचे. इथे अनुभव उलट धोका वाढवतो, कारण इतक्या वेळा काही झालेलं नसतं. त्यानं काम तिथल्या तिथे थांबवलं, कारण ते थांबवायलाच हवं होतं. बोलणं मात्र केबिनमध्ये, दोघांतच केलं. "काका, आज सकाळी दहा वाजता चार नंबरवर कुलूप नव्हतं. कुलपाशिवाय काम होणार नाही. पुढच्या वेळी मी लेखी नोंद करणार." नेहमी, कधीच, तुमच्यासारख्यांनी, हे शब्द त्यात नव्हते. काका धुमसत बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कुलूप होतं.

तेव्हा तुम्हीही आधी वही उघडा. दोन आठवडे, फक्त शब्द आणि घटना. अर्धवट वाक्यं जास्त निघाली तर ती पूर्ण करा, मतभेद निघाले तर "कशावरून कळेल?" ठरवून लिहून ठेवा. आणि तुमच्या पदावर नजर असलेलं कुणी त्या पाच जणांत होतं का, हे शांतपणे शोधून काढा. चार महिने फार नाहीत. माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाला साधारण आठ महिने लागले.

त्याच्या नऊ जणांतला एक तंत्रज्ञ मात्र शेवटपर्यंत बदलला नाही. पूर्ण वाक्यात सांगितलेलं, मुदत दिलेलं, अडचण विचारलेलं काम तो तीनदा करेना. चौथ्या वेळी तारखांसह लेखी नोंद मनुष्यबळ विभागाकडे गेली. तो गृहस्थ ३४ वर्षांचा होता.