क्रेडिट नोट पहिल्यांदा काढताय? मग एवढं पाळा

माल परत आला म्हणून जुनं बिल खोडू किंवा बदलू नका. नव्या माणसाची पहिली चूक हीच असते. बिल तसंच राहू द्या आणि विक्रेता म्हणून तुम्ही क्रेडिट नोट काढा.

दुसरी चूक मजकुरात. ‘फरकापोटी जमा’ एवढंच लिहिलं, तर सहा महिन्यांनी तुम्हालाही काही आठवत नाही. समजा, 20 पंख्यांपैकी 3 परत आले, दर 1,500. मग असं लिहा:

‘बिल क्र. 118, दि. 5 जून 2025 मधील 3 पंखे पाती वाकल्यामुळे 12 जूनला परत आले. किंमत 4,500, जीएसटी 18 टक्के 810, एकूण जमा 5,310 रुपये.’

जीएसटीचा दर मूळ बिलातलाच ठेवा. नुसते 4,500 जमा केलेत, तर गिऱ्हाईक 810 साठी फोन करणारच, आणि त्याचं बरोबर असेल.

दर चुकून जास्त लागला असेल तर नग परत दाखवू नका, नाहीतर स्टॉक बिघडतो. ‘ठरलेला दर 1,450, लावलेला 1,500, 20 नगांवर प्रत्येकी 50 जादा’ असं स्पष्ट मांडा.

नोट निघाली की गिऱ्हाइकाला लगेच कळवा, त्यालाही या बिलावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट तेवढं कमी करावं लागतं.