मुदत ठेवीच्या पैशांतून पॉलिसी विकायला सांगितले जाते तेव्हा

बँकेच्या शाखेत नव्याने रुजू झाल्यावर तुमच्यावर सर्वाधिक दबाव येईल तो मुदत पूर्ण होणाऱ्या ठेवींच्या यादीवरून. समजा, एका निवृत्त ग्राहकाची सगळी बचत अशा एका ठेवीत आहे आणि तिच्याएवढाच वार्षिक हप्ता असलेली दहा वर्षांची विमा पॉलिसी त्यांना ‘जास्त व्याजाची ठेव’ म्हणून दिली गेली. पहिला हप्ता ठेवीतून जातो, त्यामुळे त्यांना काहीच खटकत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र भरायला पैसे नसतात, पॉलिसी बंद पडते आणि सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम, भरलेल्या हप्त्यापेक्षा बरीच कमी असल्याने बचतीचा मोठा भाग बुडतो. हे मला अक्षम्य वाटते.

म्हणून सही घेण्यापूर्वी, “पुढच्या वर्षीचा हप्ता कुठून भराल?” असे विचारा, त्यावर “पुन्हा भरायचा असतो का?” असा प्रतिप्रश्न आला, तर अर्ज तिथेच थांबवा. उत्पन्नाचा रकाना फुगवून भरू नका, कारण चौकशीत अर्जावरची सही तुमची निघते, वरिष्ठांच्या तोंडी आदेशाचा मात्र पुरावा नसतो. तरीही आग्रह झाला, तर ग्राहकाचे खरे उत्पन्न नमूद करून वरिष्ठांकडे ई-मेलने लेखी सूचना मागा. पॉलिसी आधीच दिली गेली असेल, तर फ्री-लुक मुदतीत, म्हणजे पॉलिसी हाती आल्यावर फेरविचारासाठी मिळणाऱ्या ठरावीक दिवसांत, ती रद्द करता येते, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा.