केस-कंट्रोलमध्ये इंटरसेप्ट बिघडतो, मग ऑड्स रेशो का टिकतो?

प्रश्न: मिरजेच्या हॉस्पिटलातून तोंडाच्या कॅन्सरचे २०० पेशंट आणि ४०० कंट्रोल घेतले. लॉजिस्टिक मॉडेल म्हणतंय, तंबाखू न खाणाऱ्यालाही २४ टक्के धोका! गाईड म्हणतात इंटरसेप्ट सोडा, ऑड्स रेशो बरोबर आहे. एकाच मॉडेलमधलं अर्धं खरं, अर्धं खोटं कसं?

उत्तर: एका पेशंटमागे दोन कंट्रोल घ्यायचं तुम्ही ठरवलंत, तो २४ टक्के त्यातूनच आलाय. रोगाचं प्रमाण त्यात दिसत नाही.

सांगलीत मेडिकलचे थीसिस तपासताना मी हे कागदावर आकडे मांडूनच समजावते. आकडे सोयीचे घेऊ. समजा एक लाख वस्तीत २०,००० जण तंबाखू खातात, त्यांत १०० रुग्ण. न खाणारे ८०,०००, त्यांतही १०० रुग्ण. खाणाऱ्यांचे ऑड्स, म्हणजे रुग्ण भागिले निरोगी, १००/१९,९००, न खाणाऱ्यांचे १००/७९,९००. रेशो साधारण ४.

आता तुमची निवड. रुग्ण सगळे घेतले. निरोगी मात्र ९९,८०० मधून ४००, म्हणजे सुमारे अडीचशेत एक. हे प्रमाण खाणाऱ्यांना आणि न खाणाऱ्यांना सारखंच लागू झालं, तर कंट्रोलमध्ये साधारण ८० खाणारे आणि ३२० न खाणारे येतील. ऑड्स झाले १००/८० आणि १००/३२०. दोन्ही सुमारे २५० पटींनी फुगले, पण भागाकार केला की ती पट छाटली जाते आणि उत्तर पुन्हा ४.

लॉजिस्टिक मॉडेल ऑड्सच्या लॉगवर चालतं. लॉगमध्ये गुणाकाराची बेरीज होते, म्हणून ती २५० पट `ln(249.5) = 5.52` एवढी बनून इंटरसेप्टमध्ये, म्हणजे न खाणाऱ्यांच्या ऑड्सच्या लॉगमध्ये, जाऊन बसते. तंबाखूच्या कोएफिशियंटला ती शिवतही नाही. प्रोबिट या दुसऱ्या प्रकारच्या मॉडेलमध्ये अशी सोय नाही. प्रेंटिस आणि पाइक या संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की साधं लॉजिस्टिक मॉडेल जसंच्या तसं चालवलं तरी ऑड्स रेशोचा स्टँडर्ड एररसुद्धा बरोबर मिळतो.

निवडीचं प्रमाण बाहेरून माहीत असेल, तर इंटरसेप्ट दुरुस्तही करता येतो:

```
ln(100/320)    = -1.163
-1.163 - 5.520 = -6.683
```

यावरून न खाणाऱ्याचा धोका ०.१२५ टक्के निघतो, ८०,००० मध्ये १००. पण निव्वळ हॉस्पिटलच्या डेटातून हे प्रमाण कळत नाही, म्हणून गाईड इंटरसेप्ट सोडा म्हणतात ते योग्यच आहे.

तुमच्या जागी मी काळजी करेन ती कंट्रोल कुठून आणले याची. वरचं सगळं गणित एका अटीवर उभं आहे: कंट्रोलची निवड तंबाखूवर अवलंबून नसावी. कंट्रोल छातीच्या ओपीडीतून उचलले, तर तिथे तंबाखूवाले जास्त भेटणार. ८० ऐवजी १६० आले, तर रेशो (१००/१६०) ÷ (१००/२४०), म्हणजे फक्त १.५. हा बिघाड थेट कोएफिशियंटमध्ये शिरतो आणि मॉडेलच्या आउटपुटमध्ये कुठेही दिसत नाही. तो पकडायचा तर ज्या गावांतून पेशंट आले, तिथल्या त्याच वयाच्या लोकांत तंबाखू खाणारे किती टक्के आहेत ते शोधा आणि तुमच्या ४०० कंट्रोलमधल्या टक्क्याशी ताडून बघा.