रेफरल दिलंस, जामीन राहिला नव्हतास

मॅडम, मी 26 वर्षांचा आहे. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत तीन वर्षं टेस्टिंगमध्ये आहे. हॉस्टेलवरच्या जिवलग मित्राला रेफर केलं, त्याचा रेझ्युमे मीच पोर्टलवर चढवला, नीट न वाचता. तो जॉइन झाला आणि दोन महिन्यांनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये त्याचं चौदा महिन्यांचं एक्स्पीरियन्स लेटर बोगस निघालं. त्याला काढून टाकलं. त्या काळात तो घरीच होता, हे मला माहीत होतं. एचआरने मला काही विचारलेलं नाही, पण मॅनेजर तुटक बोलतात. बाबा म्हणतात, 'तो नुसता तोंडओळखीचा आहे' असा मेल टाक आणि त्याचा नंबर ब्लॉक कर. त्याची आई रोज फोन करून मध्यस्थी कर म्हणते. काय करू?

बाबा सांगतात तो मेल अजून पाठवला नसशील तर पाठवू नकोस. तुझ्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट मित्राचं लेटर नाही, हा मेल आहे. रेफरल करताना पोर्टलवर 'उमेदवाराला कसे ओळखता' असा रकाना बहुधा असतो. तिथे तू 'कॉलेजचा मित्र' असं काहीतरी लिहिलं असणार. ते रेकॉर्डवर आहे. त्याच माणसाला आज तोंडओळखीचा म्हटलंस, तर आत्तापर्यंत फक्त मित्राचं खोटं होतं, उद्या तुझंही होईल. बाबांची भीती मला कळते, पण मुलाची नोकरी वाचवण्याच्या घाईत ते त्याला लेखी खोटं बोलायला लावत आहेत.

रेफर केलं म्हणजे आपण त्या माणसाचे जामीन झालो, असा गैरसमज घरोघरी आहे. मुलाखत कंपनीने घेतली, निवड कंपनीने केली, कागद तपासणारी एजन्सीही कंपनीचीच. एजन्सी जुन्या मालकाला विचारते, बऱ्याचदा पीएफची सर्व्हिस हिस्टरी बघते. तिथे प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. नुसती पीएफची नोंद नाही म्हणून कोणी खोटा ठरत नाही. छोट्या कंपनीला पीएफ लागू नसतो. पण पीएफ नाही, फॉर्म 26एएस मध्ये पगारावरचा टीडीएस नाही, बँकेत पगार जमा नाही आणि पत्त्यावर कंपनीही नाही, म्हटलं की विषय संपतो. हे शोधणं तुझं काम नव्हतं. तुझी जबाबदारी तू स्वतः जे सांगितलंस तेवढ्यापुरती.

आणि इथेच जरा टोचणारं बोलते. रेझ्युमे न वाचता चढवला असशील तर तो निष्काळजीपणा आहे. चौदा महिने दिसले, तो घरी होता हे आठवलं आणि तरीही चढवलास, तर तू सामील होतास. यातलं खरं काय ते तुलाच माहीत. पहिलं असेल तर मेल न टाकता मॅनेजरकडे दहा मिनिटं माग आणि तोंडी सांग: "तो माझा कॉलेजपासूनचा मित्र आहे. त्याच्यासोबत मी कधी काम केलेलं नाही. त्याचा रेझ्युमे मी न वाचता पुढे पाठवला, ती चूक माझी." एवढंच. मित्राची वकिली नको आणि त्याला शिव्याही नकोत. गॅपबद्दल विचारलं तर माहीत होतं म्हणून सांग. दुसरं असेल तर हे संभाषण जड जाईल, नोकरीवरही बेतू शकतं. तरी वरची तीन वाक्यं तेव्हा बोलू नकोस, कारण तिसरं खोटं असेल. रेफरल बोनस जमा झाला असेल तर तो परत करायचा का, हे एचआरला आपणहून विचार. यानंतर काही महिने कोणालाच रेफर करू नकोस, आतेभावालासुद्धा.

त्याच्या आईला एकदाच सांग, "काकू, हा निर्णय फिरवणं माझ्या हातात नाही." ते खरंच आहे, बोगस कागदावर काढलेला माणूस सहकाऱ्याच्या शब्दावर परत घेत नाहीत.

नंबर ब्लॉक करायचा की नाही, हे बाबांनी ठरवायचं नाही. त्याला भेट, ऑफिसच्या कँटीनपासून लांब, आणि विचार: लेटर विकत घेतलंस तेव्हा माझं नाव यात येणार, हे तुझ्या डोक्यात आलं होतं का? उत्तरापेक्षा तो ते कसं देतो याकडे लक्ष दे. कंपनीत तुझ्याबद्दल काय चर्चा चालली आहे ती मात्र त्याला पुरवू नकोस.

राग असला तरी एक गोष्ट त्याला सांगच, कारण ती त्याला दुसरं कोणी सांगणार नाही. तुमच्या कंपनीने त्याचा पीएफ भरला असेल तर हे दोन महिने सर्व्हिस हिस्टरीत तारखांसकट राहणार. पुढच्या अर्जात ते लपवले तर तो पुन्हा तिथेच अडकेल. गॅप गॅप म्हणून दाखवायचा, हे दोन महिने लिहायचे, का सोडावं लागलं हे विचारल्यावर खरं सांगायचं आणि फ्रेशरच्या पगारावर सुरुवात करायची. बऱ्याच ठिकाणी नकार येईल, हेही त्याला आधीच सांगून ठेव.